अकोला-नागपूर फेरी आणि परतीच्या वाटेवरचं डोकं

रुग्ण ४७ वर्षांचा ट्रकचालक. अकोल्याच्या डाळमिलमधून माल भरून नागपूरच्या कळमना बाजारात उतरवायचा आणि मिळेल तो परतीचा माल घेऊन संध्याकाळी अकोल्यात यायचं, हे त्याचं आठवड्यातलं सहा दिवसांचं काम. गाडी जुनी, केबिनला एसी नाही. मार्चच्या मध्यापासून दुपारी डोकं दुखायला लागलं आणि मे उजाडेपर्यंत ते जवळपास रोजचं झालं. दवाखान्यात तो आला तो मुळात गोळी बदलून मागायला. आधीची गोळी ‘आता धरत नाही’ अशी त्याची तक्रार होती.

ही गोळी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली होती. मेडिकलमधून पट्टीने आणलेली, आठवड्यातून चारेकदा घेतलेली. त्याला स्वतःला आजाराबद्दल शंका नव्हतीच. “ऊन बाधते डॉक्टरसाहेब, दुसरं काय. मले फक्त जोरदार गोळी द्या.” त्याच्या मालकाला वाटत होतं बीपी असेल. बायकोला वाटत होतं झोप कमी पडते. या प्रकरणात मजा अशी की तिघांचंही म्हणणं अगदीच चूक नव्हतं, आणि तरीही दुखण्याचं कारण तिघांनाही सापडलं नव्हतं.

डोकेदुखीत तपासण्यांच्या आधी वेळापत्रक विचारावं असं माझं मत आहे. कुठे दुखतं हे रुग्ण लगेच सांगतो. कधी दुखतं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कधी दुखत नाही, हे मात्र खोदून काढावं लागतं. त्याचा दिवस असा होता. पहाटे साडेचारला मिलवर, पाचला गाडी बाहेर. मूर्तिजापूर, बडनेरा, तिवसा, तळेगाव, कोंढाळी असं करत अकरापर्यंत नागपूर. दीड तास माल उतरवण्यात. जेवण करून एकच्या सुमारास परत. कारंजा घाडगेच्या आसपास, म्हणजे अडीच-तीनला, कपाळावर दोन्ही बाजूंनी दाब यायला सुरुवात व्हायची. अमरावती येईपर्यंत डोळ्यांच्या मागे ठणका बसायचा. सातला अकोल्यात गाडी लावली, अंघोळ केली, तांब्याभर पाणी पिऊन अंधारात पडलं की दीड-दोन तासांत उतरायचं. सकाळी उठताना डोकं स्वच्छ. रविवारी काहीच नाही.

उलटी नव्हती, एकाच बाजूला ठणकणं नव्हतं. आवाज सहन होत नाही असंही नव्हतं. म्हणजे अर्धशिशीचं चित्र बसत नव्हतं. अचानक वीज पडल्यासारखं डोकं दुखणं, तापाबरोबर मान ताठ होणं, हातापायातली शक्ती जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, खोकताना किंवा पहाटे वाढणारं दुखणं, दिव्याभोवती रंगीत वलय दिसणं, यांपैकी काही असतं तर पुढचा सगळा खटाटोप बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं असतं. यातलं काहीच नव्हतं. रक्तदाब १३६/८६, रँडम शुगर ११८. एवढ्या रक्तदाबाने डोकं दुखत नाही. डोकं दुखलं की बीपी, हे समीकरण आपल्याकडे इतकं पक्कं बसलंय की मालकाला हे पटवायला रुग्णापेक्षा जास्त वेळ गेला.

जुन्या गाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारावी लागते, ती म्हणजे इंजिनचा धूर केबिनमध्ये येतो का. सायलेन्सरचा जोड सुटलेला असेल किंवा केबिनच्या तळाला फट असेल तर कार्बन मोनॉक्साइडने डोकं दुखतं, आणि तो वायू वासाने कळत नाही. इथे उत्तर शेजारच्या सीटवर बसलेलं होतं. बावीस वर्षांचा क्लीनर त्याच केबिनमध्ये तेवढेच तास बसायचा आणि त्याला डोकेदुखी माहीतच नव्हती. विषारी हवा दोघांना सारखीच लागते. पण हा पोरगा गाडी थांबली की खाली उतरून हापशावर, ढाब्यावर, जिथे मिळेल तिथे पाणी प्यायचा, लघवी करून यायचा. चालक मात्र स्टेअरिंगवरून हलायचा नाही.

आता ‘ऊन बाधतं’ या म्हणण्याकडे वळू. सकाळी अकोल्याहून नागपूरकडे जाताना गाडीचं तोंड पूर्वेकडे असतं. सूर्य उगवल्यावर तास-दोन तास तो थेट काचेत असतो. त्या वेळी डोकं दुखत नव्हतं. परतताना तोंड पश्चिमेकडे, पण मे महिन्यात विदर्भात दुपारी अडीच-तीनला सूर्य अजून इतका वर असतो की तो टपाच्या आड राहतो. समोरून डोळ्यात येतो तो अमरावती सोडल्यावर. दुखणं मात्र त्याच्या तास-दोन तास आधीच सुरू झालेलं असायचं. म्हणजे डोळ्यावर येणारा झोत हे मूळ कारण नव्हतं. सुरू झालेल्या दुखण्यात तो भर घालत होता. उष्णतेचा वाटा मात्र खरा होता, फक्त तो ज्या रस्त्याने डोक्यापर्यंत पोचत होता तो वेगळा होता.

पाणी किती पिता, असं विचारलं की प्रत्येक जण ‘भरपूर’ म्हणतो. त्यामुळे मी भांडं विचारतो. केबिनमध्ये एक लिटरची बाटली असायची. ती सकाळी भरलेली आणि संध्याकाळी कधी पाव, कधी अर्धी उरलेली. दिवसभरात तीन-चार कटिंग चहा. जेवताना एक ग्लास. सगळं मिळून सव्वा लिटरच्या आसपास, तेही बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश असताना, आणि पायाशी इंजिनची धग असताना. चहाने शरीरातलं पाणी कमी होतं असा एक समज आहे. रोज चहा पिणाऱ्याला तीन-चार कपांनी तसं काही होत नाही. चहातलं पाणी हे पाणीच असतं. अडचण एवढीच की कटिंगमध्ये ते जेमतेम अर्धी वाटी असतं, आणि घसा ओला झाला की तहान लागल्याची जाणीव मोडते.

तो कमी पाणी का प्यायचा याचं कारण त्याने स्वतःच सांगितलं, आणि ते आळसाचं नव्हतं. “पाणी पेलं की गाडी थांबवा लागते. अन् लोडेड गाडी हायवेवर उभी कुठं करू? ढाब्यावर लावली की अर्धा घंटा गेलाच समजा.” शिवाय बाटली इंजिनाशेजारी. दुपारपर्यंत तिच्यातलं पाणी तोंडात धरवत नाही इतकं तापलेलं. नुसतं ‘पाणी जास्त प्या’ असं सांगून त्याला परत पाठवलं असतं तर या दोन्ही अडचणी जशाच्या तशा राहिल्या असत्या.

तहान मोजता येते. मिलच्या गोदामात पोती तोलायचा प्लॅटफॉर्म काटा असतो, शंभर ग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्याला सांगितलं, पहाटे शौचाला जाऊन आल्यावर आणि संध्याकाळी गाडी लावल्यावर, तेच कपडे घालून, चपला काढून काट्यावर उभं राहायचं आणि आकडा वहीत लिहायचा. ट्रकचा वजनकाटा याला चालत नाही, त्याची एक पायरीच दहा-वीस किलोची असते. पहिल्याच दिवशी सकाळी ७४.२ किलो आणि संध्याकाळी ७२.८ किलो भरलं. दिवसभरात १.४ किलो कमी, म्हणजे वजनाच्या जवळजवळ दोन टक्के. मधे एक जेवण आणि नाश्ता पोटात गेलेला होता, तेव्हा पाण्याची खरी तूट याहून थोडी जास्तच. एक ते दोन टक्के पाणी गेलं की डोकं जड होणं, लक्ष न लागणं, थकवा हे सुरू होतं. चालकाच्या बाबतीत लक्ष न लागणं हे डोकेदुखीपेक्षाही वाईट. संध्याकाळची लघवी गडद पिवळी, तपासणीत तिची घनता १.०३०. रक्तातलं क्रिएटिनिन १.३, म्हणजे त्या प्रयोगशाळेच्या मर्यादेच्या अगदी काठावर.

हा शेवटचा आकडा बघून गोळी त्याच दिवशी थांबवली. शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंड आपला रक्तपुरवठा टिकवण्यासाठी ज्या रसायनांवर अवलंबून असतं, तीच आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या दाबून टाकतात. एरवी अधूनमधून घेतलेली गोळी पचते. घाम गाळलेल्या, लघवी रोखून धरलेल्या माणसाने ती आठवड्यातून चारदा घेणं ही वेगळी गोष्ट. दुसरं, महिन्यातले दहा-पंधरा दिवस वेदनाशामक घेणं काही महिने चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. हा माणूस त्या वाटेला लागलेला होता, अजून पोचलेला नव्हता. अगदीच असह्य झालं तर साधी पॅरासिटामॉल घ्या आणि घेतल्याची वहीत नोंद करा, एवढी सवलत ठेवली.

इथवर तहान हे कारण चांगलंच पक्कं वाटत होतं. पण एक गोष्ट त्यात बसत नव्हती. गेल्या हिवाळ्यात, थंडीत, घाम नसतानाही संध्याकाळी मालाच्या बिल्ट्या वाचताना कपाळ भरून यायचं, हे त्याने बोलता बोलता सांगितलं. ते दुखणं किरकोळ होतं म्हणून त्याने डोकेदुखीत धरलंच नव्हतं. शिवाय तो बिल्टी हात लांब करून वाचत होता. मग मी त्याचा चष्मा मागितला.

चष्मा सात वर्षांपूर्वीचा. प्लास्टिकच्या काचा शर्टाच्या टोकाने पुसून पुसून मधोमध धुरकट झालेल्या. खिडकीकडे धरल्या तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा चमकत होत्या. एक काडी वाकून चष्मा नाकावर खाली घसरलेला. शेजारच्या चष्म्याच्या दुकानात आमचे ऑप्टोमेट्रिस्ट बसतात, त्यांनी यंत्रावर काचेचा नंबर काढला. दोन्ही डोळ्यांना अधिक अर्धा, म्हणजे +०.५०. जवळचा नंबर त्यात नव्हताच.

आता गंमत बघा. याच चष्म्याने त्याने भिंतीवरच्या तक्त्यातली शेवटून दुसरी, म्हणजे ६/६ ची ओळ न अडखळता वाचली. लायसन्स नूतनीकरणाच्या वेळीही तो असाच पास झाला होता. चाळिशीनंतर आणि व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक परवाना पाच वर्षांनी नव्याने काढावा लागतो. त्या तपासणीत मुख्य प्रश्न असतो तो लांबचं दिसतं का, पंचवीस मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का. त्याला येत होती. अधिक नंबरवाल्या माणसाला ती येतेच, कारण त्याच्या डोळ्यातलं भिंग स्नायूच्या जोरावर फुगून उणीव भरून काढतं. तक्ता वाचायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ कुणीही जोर लावू शकतो. स्टेअरिंगवर मात्र तोच जोर बारा तास लावावा लागतो, आणि हे कुठल्याही तक्त्यावर दिसत नाही.

ते उघडं पाडायची युक्ती सोपी आहे. माणूस ज्या चष्म्याने ६/६ वाचतो त्याच्यावर आणखी अधिक नंबरची काच धरायची. चष्म्याचा नंबर बरोबर असेल तर दृष्टी लगेच अंधुक होते आणि तो कुरकुर करतो. ही काच लावूनही ओळ वाचता आली, तर तेवढं काम आतापर्यंत डोळा स्वतः करत होता असा अर्थ. आमच्या चालकाला आधी धूसर वाटलं, मिनिटभर बसू दिल्यावर त्याने ओळ वाचली आणि म्हणाला, “आता कसं हलकं वाटते.” पुढे नेहमीच्या पद्धतीने तपासून खरा नंबर निघाला +१.५०, दोन्ही डोळ्यांना. जवळसाठी आणखी दीड. डोळ्याचा दाब १६, पडदा ठीक. बुबुळ मोठं करून स्नायू सैल करणारं औषध या वयात सहसा लागत नाही, आणि ते घातलं असतं तर त्याचा पुढचा दिवस गाडीविना गेला असता.

हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. नंबर दीड, चष्मा अर्ध्याचा, म्हणजे एक डायॉप्टर डोळ्याच्या अंगावर. हे झालं नुसत्या लांबच्या रस्त्यासाठी. डॅशबोर्डवरचे काटे साधारण सत्तर सेंटिमीटरवर असतात, तिथे नजर न्यायला आणखी १.४ डायॉप्टर लागतात. एकूण २.४. सत्तेचाळिसाव्या वर्षी डोळ्याची ही ताकद सरासरी चार-साडेचार डायॉप्टर उरलेली असते, आणि त्यातली निम्मीच दीर्घकाळ आरामात वापरता येते असा जुना व्यावहारिक आडाखा आहे. म्हणजे दोन-सव्वादोनची कमाई आणि २.४ चा खर्च. सात वर्षांपूर्वी, चाळिशीत, ही ताकद साडेसहाच्या घरात होती आणि उणीवही अंगावर येत नव्हती, म्हणून तोच चष्मा तेव्हा चालून गेला. सकाळी डोळे ताजे असतात तेव्हा ही तूट जाणवत नाही. सहा तास गाडी चालवून, माल उतरवून, पुन्हा स्टेअरिंगवर बसल्यावर दीड-दोन तासांत कपाळ बोलायला लागतं. कारंजा घाडगे तिथेच येतं.

आता दोन कारणं हातात होती, आणि इथे एक मोह टाळावा लागतो. दोन्ही एकदम दुरुस्त केली असती तर तो लवकर बरा झाला असता हे खरं. पण मग कशामुळे बरा झाला हे कळलं नसतं, आणि ते कळणं इथे निव्वळ कुतूहलापुरतं नव्हतं. पाण्याने काम झालं असतं तर तो चष्म्याचे पैसे वाचवणार. चष्म्याने झालं असं वाटलं असतं तर पाण्यासाठी सुचवलेली कॅनव्हासची पिशवी, म्हणजे छागल, केबिनमागे सुकत पडणार. त्यामुळे एका वेळी एक. नवा चष्मा तयार व्हायला तसाही वेळ लागणार होताच.

पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त नोंदीचा. दुखणं किती वाजता सुरू झालं, दहापैकी किती, वजन, पाणी. सहापैकी पाच दिवस दुखलं, जोर सहा ते सात.

दुसऱ्या आठवड्यात फक्त पाणी. बाटलीऐवजी छागल. ही पिशवी जुने चालक गाडीच्या बाहेर टांगायचे. आता प्लास्टिकच्या बाटल्यांनी ती हटवली आहे. कापडातून पाझरणारं पाणी वाऱ्यावर उडून जातं आणि आतलं गार राहतं, विदर्भाच्या कोरड्या हवेत तर फारच छान. निघण्यापूर्वी अर्धा लिटर. मग साधारण तासाला एक मोठा ग्लास, म्हणजे अडीचशे मिली, तहान लागो न लागो. जेवताना मीठ घातलेलं ताक. दिवसाकाठी साडेतीन लिटर व्हावं असा बेत. ओआरएसची पाकिटं रोज फोडायची गरज नव्हती. दोन वेळचं जेवण आणि ताक यांतून मीठ मिळत होतं, आणि रक्तदाब काठावर असताना जास्त मीठ नकोच. दुसरी अट, एकदम ढसाढसा नाही. तासाभरात लिटर-दीड लिटरच्या वर पाणी घेऊ नये, रक्तातलं सोडियम खाली येतं. आणि हे सगळं धडधाकट माणसासाठी. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने पाण्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं.

थांबण्याचा प्रश्न क्लीनरने सोडवला. तळेगाव आणि बडनेरा या दोन ठिकाणी गाडी बाजूला घ्यायला जागा आहे हे त्याला पाठ होतं. तिथे दहा मिनिटं ठरली. चालकाची भीती अर्ध्या तासाची होती, प्रत्यक्षात दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं गेली.

आठवड्याअखेर वही बोलकी होती. संध्याकाळचं वजन सकाळच्यापेक्षा चारशे ग्रॅमच्या आसपास कमी. सीटवरून उतरताना येणारी अंधारी गेली. दुखणं सहापैकी चार दिवस आलंच, पण जोर तीनवर, सुरुवात चारनंतर, आणि फक्त भुवयांच्या वर. डोळ्यांमागचा ठणका नव्हता. पॅरासिटामॉल एकदाच घेतलेली. म्हणजे मोठा वाटा पाण्याचा होता, पण सगळा नव्हता. उरलेलं दुखणं हिवाळ्यातल्या बिल्टीवाल्या दुखण्यासारखं होतं, हे त्याने स्वतः ओळखलं.

चष्मा ठरवताना थोडी चर्चा झाली. खरा नंबर दीड असला तरी दिला सव्वा. वर्षानुवर्षं आवळून धरलेला स्नायू एका दिवसात सैल होत नाही, पूर्ण नंबर दिला तर लांबचं धुरकट दिसतं आणि माणूस चष्मा काढून ठेवतो. सव्वाने डॅशबोर्डचा खर्च १.६५ वर आला, कमाईच्या आत. बायफोकल नको असं माझं आणि ऑप्टोमेट्रिस्टचं एकमत झालं. खालचा भाग चाळीस सेंटिमीटरसाठी असतो, डॅशबोर्ड त्यात अंधुक दिसतो, आणि उंच केबिनमधून उतरताना पायरी चुकते. प्रोग्रेसिव्हमध्ये कडेला दृष्टी किंचित वाकडी होते, आरशात सतत बघणाऱ्याला ते त्रासाचं, शिवाय किंमत. म्हणून गाडी चालवायला फक्त लांबचा आणि बिल्टी वाचायला वेगळा स्वस्तातला जवळचा, जो थांबल्यावरच काढायचा. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांची त्याला हौस होती. त्या काळ्या होतात अतिनील किरणांनी, आणि ते बरेचसे पुढच्या काचेतच अडतात. केबिनमध्ये बसून तो चष्मा पांढराच राहिला असता. त्याऐवजी अमरावतीनंतर लावायला साधी करड्या रंगाची क्लिप घेतली, अंधार पडायच्या आत काढायच्या अटीवर.

पहिले दोन दिवस चष्मा घरात, गाडीवर नाही. तरी तिसऱ्या दिवशी फोन आलाच, “लांबचे बोर्ड जरासे धुरकट दिसतात.” वाचता येतात ना, असं विचारलं, येत होते. चार-पाच दिवसांत ती तक्रार संपली. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात डोकं दुखलं एकदाच, आणि त्या दिवशी छागलीचं तोंड उसवल्यामुळे दुपारनंतर पाणी नव्हतं. जोर चार. चष्मा नाकावर असूनही. हा अपघात माझ्या दृष्टीने फार उपयोगाचा ठरला, कारण अशी उलट चाचणी मुद्दाम करायला मी सांगितली नसती.

तरीही चष्म्याच्या श्रेयाबद्दल मी तेव्हा सावध होतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस आला, हवा गार झाली, आणि त्यानंतर डोकं न दुखण्याचं श्रेय कुणालाही देता आलं असतं. म्हणून त्याला ऑक्टोबरची वाट बघायला सांगितलं. ऑक्टोबर हीटमध्ये पुन्हा दोन आठवडे वही ठेवली. पाणी अडीच-तीन लिटर, नवा चष्मा, डोकेदुखी शून्य. मग त्याच महिन्यात तो एक दिवस घाईत जुनाच चष्मा लावून निघाला. पाणी नेहमीइतकं प्यालेला. तिवसा येईपर्यंत भुवयांवर दोन-तीनचं दुखणं हजर. एका माणसाच्या एका दिवसावरून सिद्धांत मांडता येत नाही, पण याच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी हिशोब जुळला: नुसत्या तहानेने चार, नुसत्या चष्म्याने तीन, दोन्ही मिळून सहा-सात.

क्रिएटिनिन जूनअखेर १.० वर आलं. रक्तदाब १३० च्या आसपास आहे, त्यावर औषध नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघायचा. नंबर आता दर दोन वर्षांनी तपासायचा ठरलं आहे, कारण पन्नाशीपर्यंत डोळ्याची ही ताकद आणखी उतरेल आणि सव्वाचा दीड करावा लागेल. जुना चष्मा दुकानातच जमा करून घेतला. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण ती नव्या गाड्यांना. याची गाडी आणखी काही वर्षं तशीच चालेल, तेव्हा छागल राहणार. डोकेदुखी सकाळी उठताना आली, किंवा रविवारीही आली, तर वही न भरता त्याच दिवशी यायचं, एवढं त्याला आणि क्लीनरलाही सांगून ठेवलं आहे.